दीपमाळेचे स्क्रीनशॉट आणि पोर्टलला नको असलेलं .jxr

पुण्यात गेम डिझाइन शिकणारी माझी भाची पुढच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज भरत होती. अर्जासोबत स्वतःच्या कामाची सहा चित्रं द्यायची होती. तिने अनरियल इंजिनमध्ये एका देवळाचं आवार उभं केलं होतं. त्यात दगडी पायऱ्या होत्या, पार होता आणि संध्याकाळी पेटलेली दीपमाळ होती. त्या आवारात फिरत तिने स्क्रीनशॉट घेऊन ठेवले होते. पोर्टलची अट सरळ होती: फाईल JPG किंवा PNG हवी आणि ५ एमबीच्या आत हवी.

फाईल निवडायची खिडकी उघडली तर फोल्डर रिकामा दिसला. खाली ‘All files’ निवडल्यावर चित्रं दिसली, पण एक निवडताच ‘Invalid file format’ असा लाल संदेश आला. तिचा फोन आला तेव्हा पहिला प्रश्न होता, “मावशी, फाईल्स करप्ट झाल्यात का गं?”

फाईल्स ठणठणीत होत्या. त्यांची नावं `.jxr` ने संपत होती आणि सगळं उत्तर त्या तीन अक्षरांत होतं. फोटो दुरुस्तीच्या कामात माझ्याकडे असे स्क्रीनशॉट अधूनमधून येतात. ही अडचण दोन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी सगळ्यांना दिसते: वेबसाईट फाईल घेत नाही. दुसरी त्यामागे दडलेली असते: फाईल बदलून दिली की वेबसाईट घेते, पण तोवर चित्र बिघडलेलं असतं. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते या दुसऱ्या पायरीमुळे.

ही फाईल आली कुठून

भाचीच्या घरच्या मॉनिटरवर एचडीआर चालू होतं. साध्या चित्रात पांढऱ्याच्या वर काही नसतं. एचडीआरमध्ये कागदाचा पांढरा वेगळा आणि दिव्याच्या ज्योतीचा झगझगीत पांढरा वेगळा, असा फरक राखता येतो. विंडोजमध्ये `Win + Alt + PrtScn` दाबलं की गेम बार स्क्रीनशॉट घेतो आणि तो `Videos\Captures` मध्ये ठेवतो. एचडीआर चालू असेल तर तो `.jxr` फाईल करतो. बहुधा शेजारी त्याच नावाची एक `.png` सुद्धा असते. म्हणून अशी अडचण आली की सर्वांत आधी तो फोल्डर बघावा, तिथे काम एका मिनिटात संपू शकतं. भाचीच्या फोल्डरमध्ये मात्र जोडीच्या PNG नव्हत्या. जागा करताना तिने एकाच नावाच्या दोन-दोन फाईल्स पाहिल्या आणि मोठ्या त्या चांगल्या असं समजून लहान काढून टाकल्या होत्या. उरलेली प्रत्येक फाईल वीस-पंचवीस एमबीची होती.

`.jxr` म्हणजे जेपेग एक्सआर. मायक्रोसॉफ्टने २००६ च्या सुमारास हा प्रकार आधी विंडोज मीडिया फोटो आणि मग एचडी फोटो या नावांनी आणला. २००९ मध्ये त्याला जेपेग एक्सआर या नावाने आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. प्रकार गुणी आहे. साध्या JPG मध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. जेपेग एक्सआरमध्ये दशांशात किमती साठवता येतात आणि त्या १ च्या वरही जाऊ शकतात. गेम पडद्याला ज्या किमती पाठवतो त्या तशाच्या तशा उचलून ठेवायला विंडोजमध्ये आधीपासून असलेला हा डबा सोयीचा पडला. ब्राउझरांनी मात्र त्याला दारात उभं केलं नाही. इंटरनेट एक्सप्लोरर आणि जुना एज सोडले तर क्रोम, फायरफॉक्स, सफारी यांपैकी कोणीच तो दाखवत नाही. जे चित्र तपासणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये उघडणारच नाही ते पोर्टलने नाकारलं, तर त्यात पोर्टलचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

इथे एक सावधगिरी. उपाय शोधताना जेपेग एक्सएल हे नाव वारंवार समोर येतं. त्याची फाईल `.jxl` असते. नावं जुळी वाटली तरी हे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि एकाचं साधन दुसऱ्याची फाईल उघडत नाही. भाचीने उतरवून घेतलेलं पहिलं साधन नेमकं एक्सएलचं होतं आणि ‘फाईल ओळखता येत नाही’ म्हणून ते बंद पडलं. त्यामुळे तिची फाईल खराब झाल्याची शंका आणखी पक्की झाली.

नाव बदलून काय होतं

मला फोन करायच्या आधी तिने वर्गातल्या एका मित्राच्या सांगण्यावरून फाईलचं नाव बदलून पाहिलं होतं. पहिल्या वेळी तर नावही नीट बदललं नाही. विंडोज शेवटची अक्षरं लपवतं, त्यामुळे तिने `deepmal.png` लिहिलं तरी खरं नाव `deepmal.png.jxr` झालं. फाईल एक्सप्लोररमध्ये `View > Show > File name extensions` वर खूण केली की हा घोळ उघडा पडतो. दुसऱ्या वेळी नाव खरंच `.png` झालं. पोर्टलने फाईल घेतली, पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली आणि चित्राच्या जागी फाटक्या फोटोचं चिन्ह आलं.

हे असंच होणार, कारण पोर्टल दोन ठिकाणी तपासतं. ब्राउझरमध्ये फक्त नावाचं शेपूट पाहिलं जातं. सर्व्हरवर मात्र लहान नमुना-चित्र करण्यासाठी फाईल खरोखर उघडावी लागते. फाईल कोणत्या प्रकारची आहे हे तिच्या आतल्या पहिल्या काही बाइटांवरून कळतं, नावावरून नाही. आपल्यालाही ते पाहता येतं. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये ही ओळ द्यायची:

```powershell
Get-Content .\deepmal.png -Encoding Byte -TotalCount 4
```

उत्तर `137 80 78 71` आलं तर ती खरी PNG. सुरुवात `255 216 255` असेल तर JPG. भाचीच्या फाईलचं उत्तर `73 73 188 1` आलं. ही जेपेग एक्सआरची खूण आहे, वर नाव काहीही असो. (नवं पॉवरशेल ७ वेगळं घालून घेतलं असेल तर `-Encoding Byte` च्या जागी `-AsByteStream` लिहावं लागतं.)

एवढं पाहिल्यावर दोन गोष्टी नक्की झाल्या. फाईल शाबूत आहे आणि नाव बदलून भागणार नाही, आतला मजकूर बदलायला हवा.

बदललेलं चित्र भरदुपारचं का दिसलं

तिने मोफत ऑनलाईन कन्व्हर्टर वापरला. सहाही फाईल्सच्या JPG झाल्या आणि पोर्टलने त्या मुकाट्याने घेतल्या. तिने मला पाठवल्या तेव्हा पहिली दोन चित्रं ठीक होती. ती गाभाऱ्यातली होती, जवळजवळ अंधारातली. बाहेरच्या आवाराची चित्रं मात्र ओळखू येत नव्हती. संध्याकाळच्या पायऱ्या दुपारच्या उन्हात असल्यासारख्या पांढुरक्या झाल्या होत्या. मावळतीचं आकाश म्हणजे एक कोरा पट्टा होता. दीपमाळेच्या ज्योतींचा नारिंगी रंग जाऊन फिक्कट पिवळे ठिपके उरले होते.

याचं कारण किमती कशा मोजल्या जातात यात आहे. पडद्याची चमक निट्स या एककात मोजतात. विंडोजच्या या फाईलमध्ये १.० ही किंमत म्हणजे ८० निट्स. एचडीआर मॉनिटरवर मात्र कागदासारखा साधा पांढरा ८० निट्सला कोणी ठेवत नाही, तेवढ्यावर तो मळका दिसतो. भाचीच्या गेममध्ये साध्या पांढऱ्याची पातळी २०० निट्स ठेवली होती. म्हणजे तिच्या फाईलमध्ये ‘पांढरा’ १.० वर नसून २.५ वर होता. साधा कन्व्हर्टर हे विचारतच नाही. तो १.० ला पूर्ण पांढरा धरतो आणि त्यावरचं सगळं छाटतो.

पिक्सेलच्या मूळ किमती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये मी ते चित्र उघडलं आणि दोन जागा पाहिल्या. पायरीच्या दगडाची किंमत ०.७५ होती, म्हणजे ६० निट्स. तिच्या पडद्यावर तो पांढऱ्याच्या ०.३ पट होता आणि साध्या चित्रात त्याचा आकडा २५५ पैकी १५० च्या आसपास यायला हवा होता. कन्व्हर्टरने ०.७५ ला पांढऱ्याच्या पाऊण पट धरलं आणि आकडा आला २२५. इथेच संध्याकाळची दुपार झाली. दुसरी जागा ज्योतीची. तिथे लाल ११, हिरवा ४ आणि निळा ०.५ होता. लाल आणि हिरवा यांचं प्रमाण जवळपास पावणेतीनास एक असल्यामुळे ज्योत नारिंगी दिसत होती. कन्व्हर्टरने लाल छाटून १ केला, हिरवाही छाटून १ केला, निळा तसाच राहिला. लाल आणि हिरवा सारखे झाले की पिवळा होतो. JPG मध्ये त्या जागी २५५, २५५, १८८ आले. हाच तो फिक्कट पिवळा ठिपका.

गाभाऱ्यातली चित्रं का वाचली तेही यावरून कळतं. तिथे बहुतेक सगळं ८० निट्सच्या खाली होतं, त्यामुळे छाटायला काही उरलंच नाही. तीही मूळ चित्रापेक्षा उजळ झाली होती, पण अंधारात ते डोळ्यावर येत नाही. कन्व्हर्टरची परीक्षा करायची तर ती सर्वांत उजळ चित्रावर करावी. आकाश, दिवा, खिडकी असलेलं चित्र घ्यावं. त्यात रंग उचलायच्या ड्रॉपरने दोन-तीन उजळ जागा टिपाव्यात. मूळ चित्रात वेगळ्या दिसणाऱ्या जागा इथे सगळीकडे २५५, २५५, २५५ देत असतील तर छाटणी झाली आहे. ती JPG कितीही काळी केली तरी आकाश परत येत नाही, फक्त पांढऱ्याचं राखाडी होतं. पुन्हा मूळ `.jxr` कडेच जावं लागतं.

उलट लक्षणही कधी दिसतं: चित्र जळत नाही, पण सगळं राखाडी आणि फिकं पडतं, जणू वर धुकं पसरलंय. तेव्हा फाईलमधल्या किमती एचडीआरच्या वेगळ्या मोजपट्टीने लिहिलेल्या असतात आणि प्रोग्राम त्या साध्या समजून वाचतो. AVIF या दुसऱ्या प्रकारच्या एचडीआर फाईल्स बदलताना हे जास्त घडतं. गेम बारच्या `.jxr` चा आजार सहसा जळण्याचाच.

कसं बदललं

यासाठी कन्व्हर्टर एचडीआर जाणणारा हवा, म्हणजे टोन मॅपिंग करणारा. टोन मॅपिंगमध्ये आधी पांढऱ्याची पातळी ठरवतात. मग खालचा भाग बराचसा तसाच ठेवून वरचा झगमगता भाग हळूहळू दाबत साध्या चित्राच्या मर्यादेत बसवतात. मी hdrfix हे मोफत, मुक्तस्रोत साधन वापरलं. ते एचडीआर स्क्रीनशॉटसाठीच लिहिलेलं आहे. त्याला खिडकी-बटणं नाहीत, आज्ञा टाईप करावी लागते:

```
.\hdrfix.exe "Deepmal sandhyakal.jxr" sandhyakal.png
```

नावाभोवतीची अवतरणं विसरू नयेत. गेम बार नावात तारीख-वेळ घालतो, मध्ये मोकळ्या जागा येतात, आणि अवतरणं नसली तर साधन पहिल्या शब्दालाच फाईल समजून अडतं.

पहिल्याच फेरीत आकाश परत आलं. ढगांच्या कडा दिसू लागल्या. एकूण चित्र तरी जरा उजळच होतं, म्हणून एक्सपोजर सव्वा स्टॉपच्या आसपास खाली आणलं. हा आकडा हवेतून आला नाही. पांढरा १ वरून २.५ वर होता. अडीच पटीने खाली यायचं तर एक स्टॉप म्हणजे निम्मं आणि वर थोडं. कोणते पर्याय आहेत आणि ते कसे लिहायचे हे `.\hdrfix.exe --help` दाखवतं. त्यानंतर पायरीचा दगड १५० च्या जवळ आला आणि ज्योत साधारण २५५, १९०, ७० वर राहिली, म्हणजे नारिंगी. भाचीने दोन चित्रं शेजारी ठेवून पाहिली आणि म्हणाली, “हा माझा प्रकाश आहे.” त्या आवारातल्या प्रकाशावर तिने सर्वांत जास्त मेहनत घेतली होती. प्रवेश-समितीने आधीच्या जळक्या JPG पाहिल्या असत्या तर तिला प्रकाशयोजना जमत नाही असाच निष्कर्ष निघाला असता. ऑनलाईन कन्व्हर्टरच्या ‘झालं’ या हिरव्या खुणेवर विसंबू नका असं मी सांगते ते यासाठी.

ज्योतीचा झगझगीतपणा मात्र परत आला नाही आणि येणारही नव्हता. मूळ फाईलमध्ये ज्योत कागदाच्या पांढऱ्यापेक्षा दुप्पट चमकत होती. साध्या JPG मध्ये पांढऱ्याच्या वर जागाच नाही. टोन मॅपिंग रंग आणि बारकावे वाचवतं, चमक नाही.

पुढे राहिला वजनाचा प्रश्न. PNG मध्ये काहीच गाळलं जात नाही, त्यामुळे ३८४० × २१६० चं झाडापानांनी, दगडांनी भरलेलं चित्र सहज दहा एमबीच्या पुढे जातं. पोर्टलची मर्यादा ५ एमबी. म्हणून PNG मूळ म्हणून ठेवल्या आणि फोटो एडिटरमधून ९० गुणवत्तेच्या JPG काढल्या. सगळ्या तीन एमबीच्या आत बसल्या. चित्रात बारीक अक्षरं असती, मेनू किंवा नकाशा असता, तर मी JPG ऐवजी आकार निम्मा करून PNG दिली असती, कारण JPG अक्षरांच्या कडांभोवती डाग पाडतं. दगड आणि आकाशाला तो त्रास नाही.

आज्ञा लिहायची भीती वाटत असेल तर आणखी एक वाट आहे. विंडोजचं फोटोज ॲप `.jxr` उघडतं. एचडीआर बंद करायचं, चित्र त्यात पडदाभर उघडायचं आणि `Win + Shift + S` ने त्याचाच स्क्रीनशॉट घ्यायचा. तो PNG होतो. पण त्याचा आकार आपल्या पडद्याएवढाच राहतो: लॅपटॉप १९२० × १०८० चा असेल तर 4K चित्राचे तीन चतुर्थांश पिक्सेल गेले. उजेड कसा उतरेल तेही ॲपच्या हातात. तक्रारीसोबत पुरावा जोडायचा असेल तर एवढं पुरतं, कामाचा नमुना म्हणून नाही.

ऑनलाईन कन्व्हर्टरबद्दल एक खटकणारी गोष्ट राहिली. अजून कुठेही न दाखवलेलं काम एका अनोळखी सर्व्हरवर चढवलं जातं, याचा विचार घाईत कोणी करत नाही. स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात चॅटची सूचना किंवा खात्याचं नाव असेल तर तेही सोबत जातं. आपल्याच संगणकावर चालणारं साधन असताना हा धोका कशाला पत्करायचा?

पुढच्या वेळी

तिने नंतर विचारलं की हे टाळता येईल का. येईल, आणि सोपं आहे. `Win + Alt + B` दाबलं की विंडोजचं एचडीआर बंद होतं, पुन्हा दाबलं की चालू. वेबसाईटसाठी स्क्रीनशॉट घ्यायचे तेवढा वेळ ते बंद ठेवावं. गेम आधीपासून चालू असेल तर त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही एचडीआर बंद करून पाहावं. मग गेम बार साधी PNG देतो, आणि तिच्यातला उजेड गेमनेच साध्या पडद्यासाठी बसवलेला असतो, तो बाहेरच्या कोणत्याही साधनापेक्षा भरवशाचा. स्निपिंग टूल वापरत असाल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये `HDR screenshot color corrector` नावाची कळ आहे. ती चालू असली की एचडीआरमध्येही त्याची PNG बरीच नीट येते.

भाचीसारखं काम स्वतःच अनरियलमध्ये केलेलं असेल तर गेम बारकडे जायचीच गरज नाही. एचडीआर बंद ठेवून इंजिनच्या कन्सोलमध्ये एक ओळ दिली की पुरे:

```
HighResShot 3840x2160
```

चित्र प्रकल्पाच्या `Saved\Screenshots` फोल्डरमध्ये PNG म्हणून येतं आणि मॉनिटर लहान असला तरी हव्या त्या आकाराचं. या अर्जासाठी ती वाट बंद होती. मधल्या काळात तिने आवाराची सगळी प्रकाशयोजना बदलली होती आणि समितीला कामाचा आधीचा टप्पाही दाखवायचा होता. तो टप्पा फक्त त्या `.jxr` फाईल्समध्ये उरला होता.

म्हणून अर्ज भरून झाल्यावर तिने त्या पुसायला घेतल्या तेव्हा मी थांबवलं. सहा फाईल्स मिळून दीडशे एमबीही होत नाहीत आणि ज्योतीची खरी चमक फक्त त्यांच्यात आहे. एचडीआर चित्रं वेबवर दाखवायची सोय आता येऊ लागली आहे. AVIF मध्ये ती आहेच, आणि जून २०२५ मध्ये आलेल्या PNG च्या तिसऱ्या आवृत्तीने एचडीआरची माहिती फाईलमध्ये लिहायची अधिकृत पद्धत दिली आहे. उद्या एखादं पोर्टल अशी चित्रं घेऊ लागलं तर JPG मधून ती चमक काढता येणार नाही, `.jxr` मधून येईल. तिने त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि प्रत्येकीच्या नावात पांढऱ्याची पातळी लिहिली: `sandhyakal_200nits.jxr`. पुढच्या वेळी बदलताना हाच आकडा आधी लागतो आणि तो फाईल पाहून नेमका काढता येत नाही.